गोल्डीलॉक्स घरात ‘गोड’ की ‘वेंट’? परीकथेतल्या भूतकाळाच्या गाळलेल्या जागा कशा भरायच्या आणि कशा तपासायच्या

दुसरी-तिसरीच्या मुलाला इंग्रजीत गोष्ट लिहायला सांगितली की त्याच्या वहीत हमखास एक वाक्य सापडतं: ‘शी गोड टु द हाउस.’ ‘गो’ला ‘ई-डी’ जोडलं की झालं ‘गोड’. मराठी आईबाबांना आधी हसू येतं, मग त्यावर लाल फुली मारली जाते आणि शेजारी ‘वेंट’ असं लिहिलं जातं. पण त्याच वहीत कुणी ‘शी गो टु द हाउस’ लिहिलं असेल, तर त्यालाही तीच लाल फुली मिळते. या दोन चुका मुळीच सारख्या नाहीत. पहिल्या मुलाला इंग्रजी भूतकाळाचा नियम कळलेला आहे, दुसऱ्याला अजून कळायचा आहे. गाळलेल्या जागांची चांगली गोष्ट तयार करायची ती हा फरक दिसावा म्हणून.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं. त्यामुळे ‘साध्या भूतकाळाची वर्कशीट’ हा प्रकार घरोघरी पोहोचला आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या बऱ्याचशा वर्कशीटमध्ये मात्र दहा सुटी वाक्यं असतात आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. ‘राम प्लेड क्रिकेट’ झालं की लगेच ‘द सन शोन’. मुलाला भूतकाळ का वापरायचा हेच त्यातून कळत नाही. परीकथेत तो प्रश्न येत नाही. ‘वन्स अपॉन अ टाइम’ म्हटलं की सगळं आधीच घडून गेलेलं असतं, जसं ‘एक आटपाट नगर होतं’ म्हटल्यावर पुढचं सगळं आपोआप ‘गेला, आला, म्हणाला’ होतं.

गोष्ट कोणती घ्यायची?

यासाठी ‘गोल्डीलॉक्स आणि तीन अस्वलं’ ही गोष्ट फार सोयीची आहे. इंग्रज कवी रॉबर्ट साउदी यांनी ती १८३७ मध्ये छापली, तेव्हा अस्वलांच्या घरात घुसणारी सोनेरी केसांची मुलगी नव्हती, एक आगाऊ म्हातारी होती. म्हातारीची मुलगी झाली ती १८५० च्या सुमारास दुसऱ्या एका पुस्तकात, आणि ‘गोल्डीलॉक्स’ हे नाव तर तिला त्यानंतर बऱ्याच वर्षांनी मिळालं. ते असो. आपल्या कामाची गोष्ट अशी की या कथेत एकामागून एक साध्या कृती आहेत: चालणं, येणं, खाणं, बसणं, मोडणं, झोपणं, पळणं. वर्णन कमी आणि घडामोडी जास्त, म्हणजे क्रियापदंही भरपूर.

मुलांसाठी तयार केलेली गोष्ट अशी दिसेल. प्रत्येक ओळीच्या शेवटी मूळ क्रियापद दिलं आहे आणि रिकाम्या जागेत त्याचं भूतकाळाचं रूप लिहायचं आहे. (प्रत्यक्ष कागदावर ही वाक्यं अर्थातच इंग्रजी लिपीत लिहायची.)

१. वन्स अपॉन अ टाइम, थ्री बेअर्स ______ इन अ फॉरेस्ट. — लिव्ह
२. वन मॉर्निंग, मदर बेअर ______ हॉट पॉरिज. — कुक
३. द बेअर्स ______ फॉर अ वॉक. — गो
४. गोल्डीलॉक्स ______ टु द हाउस. — कम
५. शी ______ ऑन द डोअर. — नॉक
६. नोबडी ______ . — आन्सर
७. शी ______ ऑल द पॉरिज इन द स्मॉल बोल. — ईट
८. शी ______ ऑन द स्मॉल चेअर. — सिट
९. द चेअर ______ ! — ब्रेक
१०. शी ______ टु रेस्ट. — वाँट
११. शी ______ इन द स्मॉल बेड. — स्लीप
१२. द बेअर्स ______ गोल्डीलॉक्स इन द बेड. — फाइंड
१३. बेबी बेअर ______ . — क्राय
१४. गोल्डीलॉक्स ______ आउट ऑफ द हाउस. — रन

चौदा जागांपैकी सहा नियमित आहेत: लिव्ह, कुक, नॉक, आन्सर, वाँट, क्राय. यांना फक्त ‘ई-डी’ लागतं. उरलेली आठ अनियमित आहेत आणि त्यांची रूपं पाठच करावी लागतात: वेंट, केम, एट, सॅट, ब्रोक, स्लेप्ट, फाउंड, रॅन.

गोष्ट लिहिताना दोन काळज्या घेतल्या आहेत. पहिली म्हणजे मूळ क्रियापद दिलेलंच हवं. ते दिलं नाही तर चौथ्या वाक्यात कुणी ‘केम’ लिहील, कुणी ‘वेंट’, कुणी ‘रॅन’, कुणी ‘वॉक्ड’, आणि सगळीच उत्तरं बरोबर ठरतील. मग तपासणारा माणूस उत्तरपत्रिकेकडे बघून तीन बरोबर उत्तरं चूक ठरवतो.

दुसरी काळजी अस्वलांच्या तोंडच्या वाक्यांची. मूळ इंग्रजी गोष्टीतला सगळ्यात प्रसिद्ध भाग तोच आहे: माझी लापशी कोण खात होतं, माझ्या खुर्चीत कोण बसलं होतं. पण इंग्रजीत ती वाक्यं साध्या भूतकाळात नाहीत. ‘हॅज बीन ईटिंग’ असा तिथे वेगळाच काळ येतो. गोष्ट सांगणारा भूतकाळात बोलतो, गोष्टीतली पात्रं मात्र त्या क्षणी बोलत असतात. त्यामुळे त्यांच्या संवादात कोणताही काळ येऊ शकतो. लहान मुलांच्या कागदावर संवादात जागा गाळली की नेमका इथे घोटाळा होतो. म्हणून संवाद एक तर गाळून टाकावेत, किंवा जसेच्या तसे पूर्ण द्यावेत आणि रिकाम्या जागा फक्त निवेदनात ठेवाव्यात.

इतकी अनियमित क्रियापदं का?

कोणतीही लहानशी गोष्ट उघडली तरी अनियमित क्रियापदांची गर्दी दिसते. हा योगायोग नाही. इंग्रजीत सर्वांत जास्त वापरली जाणारी दहा क्रियापदं घेतली तर ती दहाच्या दहा अनियमित आहेत. जे रोज बोललं जातं, त्याचं जुनं रूप मूल कान देऊन शिकतं आणि पुढच्या पिढीला देतं. जे क्रियापद क्वचित कानावर पडतं, त्याचं जुनं रूप कुणाला आठवत नाही, मग लोक त्याला सरळ ‘ई-डी’ लावून मोकळे होतात. ‘हेल्प’ हे आजचं अगदी नियमित क्रियापद, पण पूर्वी त्याचंही भूतकाळाचं रूप वेगळं होतं आणि ते हळूहळू वापरातून गेलं. हार्वर्डमधल्या संशोधकांनी २००७ मध्ये याचा हिशोब मांडला. जुन्या इंग्रजीतली १७७ अनियमित क्रियापदं त्यांनी घेतली. त्यांतली आज ९८ च अनियमित उरली आहेत, बाकीची नियमित झाली.

‘गो’चं ‘वेंट’ कसं झालं, हेही मुलांना सांगण्यासारखं आहे. ‘वेंट’ हे मुळात ‘गो’चं रूपच नव्हे. ‘वेंड’ नावाचं दुसरंच एक क्रियापद होतं, त्याचा भूतकाळ ‘वेंट’. कालांतराने तो ‘गो’ने उचलला आणि ‘वेंड’ला नवा ‘वेंडेड’ मिळाला.

मराठी मुलाला हा प्रकार नवा नाही, फक्त त्याच्या लक्षात आलेला नसतो. ‘बसणे’चं ‘बसला’, ‘पळणे’चं ‘पळाला’ होतं, पण ‘जाणे’चं ‘जाला’ होत नाही, ‘गेला’ होतं. ‘करणे’चं ‘केलं’, ‘मरणे’चं ‘मेला’. ‘गेला’मधला ‘ग’ कुठून आला असं विचारलं तर मूल थोडं थबकतं, आणि मग ‘वेंट’ त्याला तितकंसं विचित्र वाटत नाही. अनियमित क्रियापदं शिकवताना ही पाच मिनिटं खर्च करण्यासारखी आहेत.

एका बाबतीत तर इंग्रजी सोपीच आहे. मराठीत ‘ती बसली’, ‘तो बसला’, ‘ते बसले’ असं रूप बदलतं. त्यात ‘तिने लापशी खाल्ली’ पण ‘तिने भात खाल्ला’, म्हणजे कधी कर्त्याकडे बघायचं तर कधी कर्माकडे. इंग्रजीत ‘सॅट’ म्हणजे ‘सॅट’. गोल्डीलॉक्स बसो, बाबा अस्वल बसो नाहीतर तिन्ही अस्वलं बसोत. फक्त ‘वॉज’ आणि ‘वर’ ही जोडी याला अपवाद आहे, आणि म्हणूनच ती या पहिल्या गोष्टीत ठेवलेली नाही.

‘ई-डी’ एकच, उच्चार तीन

नियमित क्रियापदं लिहायला सोपी, पण मोठ्याने वाचताना मुलं ‘कुकेड’, ‘नॉकेड’, ‘लिव्हेड’ असं वाचतात. लिहिताना ‘ई’ दिसतो, म्हणून तो उच्चारलाही जातो. खरा उच्चार शेवटच्या ध्वनीवर ठरतो आणि तो समजायला मराठी वर्णमाला उत्तम उपयोगी पडते.

‘कुक’ आणि ‘नॉक’ यांचा शेवट ‘क’ने होतो. ‘क’ म्हणताना गळ्यावर बोट ठेवलं तर गळा थरथरत नाही. अशा ध्वनीनंतर ‘ई-डी’चा उच्चार ‘ट’सारखा होतो: ‘कुक्ट’, ‘नॉक्ट’. ‘लिव्ह’मधला ‘व्ह’ म्हणताना गळा थरथरतो, ‘क्राय’ आणि ‘आन्सर’ यांच्या शेवटीही तेच. तिथे उच्चार ‘ड’ होतो: ‘लिव्ह्ड’, ‘क्राइड’, ‘आन्सर्ड’. शब्द आधीच ‘ट’ किंवा ‘ड’ने संपत असेल तर पुढे आणखी एक ‘ड’ चिकटवणं जिभेला जमत नाही, म्हणून मध्ये एक छोटा स्वर येतो: ‘वाँटेड’. आपल्या गोष्टीत हे तिन्ही प्रकार आहेत. ‘वाँट’ घेतलं ते त्यासाठीच.

लिहिण्यात दोन ठिकाणी गफलत होते. ‘लिव्ह’च्या शेवटी आधीच ‘ई’ असतो, म्हणून फक्त ‘डी’ जोडायचा. ‘क्राय’च्या शेवटच्या ‘वाय’चा ‘आय’ होतो आणि मग ‘ई-डी’ लागतं. बाकी चारांना काही करावं लागत नाही.

चूक कशी वाचायची?

आता कागद भरून परत आला आहे आणि उत्तरं तपासायची आहेत. केवळ ‘चौदापैकी आठ’ असा आकडा वर लिहिला तर त्यातून फारसं काही कळत नाही. चूक कुठे झाली यापेक्षा कोणत्या जातीची झाली हे बघावं.

समजा, अकराव्या जागेत मुलाने ‘स्लीप’ असंच ठेवलं, नवव्यात ‘ब्रेक’, आणि दुसऱ्यात ‘कुक’. इथे नियमितही चुकलं आणि अनियमितही. या मुलाला भूतकाळात रूप बदलतं हेच अजून लक्षात आलेलं नाही. त्याला अनियमित क्रियापदांची यादी पाठ करायला देऊन काहीच साधणार नाही. आधी फक्त सहा नियमित क्रियापदांची छोटी गोष्ट द्यावी.

दुसऱ्या मुलाने नियमित सहाही बरोबर लिहिली, पण पुढे ‘स्लीप्ड’, ‘ब्रेक्ड’, ‘गोड’ लिहिलं. या कागदावर लाल रंग जास्त दिसेल, पण हा मुलगा पहिल्याच्या बराच पुढे आहे. ‘ब्रेक्ड’ हा शब्द त्याने कुठेही ऐकलेला नाही, तो त्याने नियम लावून स्वतः तयार केला आहे. इंग्रजी मातृभाषा असलेली मुलंही हेच करतात. जीन बर्को यांनी १९५८ मध्ये लहान मुलांवर एक प्रसिद्ध प्रयोग केला. त्यांनी ‘रिक’ असं अस्तित्वातच नसलेलं क्रियापद मुलांना दिलं आणि ‘काल त्याने काय केलं?’ असं विचारलं. मुलांनी ते ‘रिक्ट’ असं भूतकाळात नेलं, म्हणजे नियम त्यांच्या डोक्यात होता. ‘मॉट’ या दुसऱ्या बनावट शब्दाला मात्र अनेक मुलांनी काहीच जोडलं नाही, कारण ‘ट’ने संपणारा शब्द आधीच भूतकाळातला वाटतो. त्यामुळे ‘वाँट’च्या जागी मुलाने ‘वाँट’च ठेवलं तर नवल वाटून घेऊ नये. हा नियमातला सगळ्यात अवघड कोपरा आहे.

बरेचदा असंही दिसतं की मूल आधी ‘वेंट’, ‘केम’ बरोबर म्हणत असतं आणि मग अचानक ‘गोड’, ‘कम्ड’ म्हणू लागतं. पालकांना वाटतं, येत होतं तेही विसरलं. खरं तर आधीचं ‘वेंट’ पोपटासारखं पाठ झालेलं होतं. आता नियम सापडला आहे आणि मूल तो दिसेल तिथे वापरून बघत आहे. अपवाद पुन्हा जागेवर बसायला वेळ लागतो आणि ते कानावर सतत पडल्यानेच बसतात.

तिसरी जात खास मराठी आहे. सहावं वाक्य बघा: ‘नोबडी ______ .’ इथे कितीतरी मराठी मुलं ‘डिड नॉट आन्सर’ लिहितात. कारण आपण म्हणतो, ‘कोणीही उत्तर दिलं नाही.’ ‘कोणीही’ आलं तरी क्रियापदाला ‘नाही’ लागतंच. इंग्रजीतल्या ‘नोबडी’च्या पोटात मात्र ‘नाही’ आधीच आहे, म्हणून नुसतं ‘आन्सर्ड’ पुरतं. तसंच ‘गेली होती’च्या सावलीत ‘वॉज गो’ किंवा ‘वॉज वेंट’ येतं. हे क्रियापदाचं अज्ञान नाही, घरची वाक्यरचना आहे. दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी लिहून दाखवली की ते लवकर सुटतं. ‘चूक’ असं नुसतं लिहिल्याने सुटत नाही.

पुढच्या आठवड्यात तीच गोष्ट

नवीन गोष्ट आणायची घाई नको. तीच गोष्ट आठवड्याने पुन्हा द्यावी आणि या वेळी प्रश्न विचारावेत. ‘डिड गोल्डीलॉक्स ब्रेक द चेअर?’ इथे मुलांना ‘ब्रोक’ लिहायचा मोह होतो, कारण इतक्या कष्टाने ते पाठ केलेलं असतं. पण ‘डिड’ने भूतकाळाचं ओझं स्वतःवर घेतलं की मुख्य क्रियापद मूळ रूपात परत येतं. ‘येस, शी ब्रोक द चेअर’ या उत्तरात ‘डिड’ नाही, म्हणून ‘ब्रोक’ पुन्हा हजर. नकारातही हाच नियम: ‘द बेअर्स डिड नॉट फाइंड एनी पॉरिज इन द स्मॉल बोल.’

आणि एक जागा अशी ठेवावी की जिथे ‘डिड’ येतच नाही: ‘हू ______ माय पॉरिज?’ — ईट. ‘कोणी खाल्ली’ हा प्रश्न कर्त्याबद्दलच आहे, म्हणून इथे सरळ ‘एट’. ‘हू डिड ईट’ असं लिहिणारं मूल प्रश्नात ‘डिड’ येतो हे शिकलेलं असतं, आणि तोच नियम इथे गरजेपेक्षा जास्त वापरत असतं. म्हणजे चूक पुन्हा ‘गोड’च्याच जातीची.